गोदामात अडकलेल्या मालाची खरी किंमत

गोदामातला माल ताळेबंदात दाखवताना दोन आकड्यांपैकी कमी असेल तो घ्यायचा, असा हिशेबशास्त्राचा नियम आहे. एक आकडा म्हणजे मालावर झालेला खर्च. दुसरा म्हणजे निव्वळ वसूल मूल्य: माल विकून येईल ती रक्कम, त्यातून तो पुरा करण्याचा आणि विकण्याचा खर्च वजा करून. भारतात हा नियम लेखा मानक २ आणि इंड एएस २ या दोन्हींत आहे. वापरातून गेलेल्या किंवा हळू खपणाऱ्या मालाच्या बाबतीत तो खऱ्या अर्थाने कामाला येतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली. बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातला एखादा छोटा पुरवठादार कल्पनेने समोर ठेवू. ३१ मार्चला त्याच्याकडे कार्ब्युरेटरच्या बॉडीची २०,००० अर्धवट कास्टिंग पडून आहेत. प्रत्येकावर ६० रुपये खर्च झालेला, म्हणजे एकूण १२ लाख.

हा सगळा ढीग भंगार ठरत नाही. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, तोवर सुट्या भागांच्या बाजारात थोडी मागणी राहणारच. पक्क्या अंदाजाने ५,००० नग तिथे ९५ रुपयांना जातील. ते पुरे करायला २५ आणि विकायला ५ रुपये लागतील, म्हणजे वसूल मूल्य ६५. ते खर्चापेक्षा जास्त आहे, म्हणून हे नग ६० रुपयांनाच राहतात. वरचे ५ रुपये आधीच नफ्यात धरता येत नाहीत. उरलेल्या १५,००० नगांना गिऱ्हाईक नाही. भंगारवाला नगामागे १८ रुपये देईल आणि वाहतुकीला २ जातील, म्हणजे हाती १६. प्रत्येक नगामागे ४४ रुपये, एकूण ६ लाख ६० हजार रुपये कमी करावे लागतात.

त्याच गोदामातल्या मिश्रधातूच्या लाद्यांना मात्र हात लावायचा नाही. त्यांचा बाजारभाव उतरलेला असला तरी त्यांतून होणारा नवा माल खर्चाइतक्या किंवा जास्त किमतीला विकला जाणार असेल, तर लाद्या खर्चाच्याच किमतीला राहतात. म्हणूनच एका नगाची घट दुसऱ्याच्या नफ्यात मुरवून टाकायची नसते. एकेक प्रकार स्वतंत्रपणे तपासायचा असतो.

पुढचा प्रश्न, हे ६ लाख ६० हजार कोणाच्या माथी मारायचे? हाच कारखाना वर्षभरात इंजेक्शनचे एक लाख नवे भाग बनवतो आणि त्यांचा खर्च नगामागे १२० रुपये पडतो. तूट ओव्हरहेडमध्ये टाकली तर तो १२६ रुपये ६० पैसे दिसतो. गिऱ्हाइकाने १२२ रुपयांची ऑर्डर देऊ केली, तर हाच आकडा पाहून व्यवस्थापक ती नाकारील. शिवाय नव्या भागांचे १०,००० नग वर्षअखेर शिल्लक असतील तर तुटीतले ६६,००० रुपये त्यांच्या किमतीत लपून पुढच्या वर्षात जातील. म्हणून अशी अवचित आलेली तूट नगाच्या खर्चात न धरता थेट नफा-तोटा खात्यात नेतात.

दरवर्षी थोडीफार वाया जाणारी वॉशर, गॅस्केट, रबराच्या सीलची गोष्ट वेगळी. ही नेहमीची झीज आहे. वर्षाला साधारण ६०,००० रुपये अशा मालात जात असतील, तर ते ओव्हरहेडमध्ये धरून नगामागे ६० पैसे वाढवणे योग्यच.

हळू खपणारा माल ओळखायला बिन कार्डवरची शेवटच्या उचलीची तारीख पाहतात. काही ठिकाणी वर्षभर न हललेल्या मालाचे २५ टक्के, दोन वर्षांनी ५० टक्के असा ठोकळ नियम लावतात. सोयीचा आहे, पण पुरावा नाही. प्रेसचा जपून ठेवलेला सुटा गिअर चार वर्षे हलत नाही, तरी तो निकामी नसतो. उलट काल आलेला माल डिझाइन बदलल्याने आज निकामी होऊ शकतो.

किंमत कमी केली की पुढच्या वर्षी उलटा फसवा आकडा निघतो. त्या १५,००० पैकी २,००० नगांची अचानक ऑर्डर आली, तर पुस्तकी खर्च १६ अधिक २५ अधिक ५, म्हणजे ४६ रुपये दिसतो आणि ९५ ला विकून ४९ रुपये नफा. खर्च झालेल्या ६० रुपयांवर मोजला तर नफा ५ रुपयेच. म्हणून इंड एएस २ नुसार, वर्षअखेरीस माल हातात असताना मागणी परतल्याचे स्पष्ट दिसले तर घट मागे घ्यायची, पण मूळ ६० रुपयांच्या वर कधीच न्यायची नाही. कार्ब्युरेटरच्या नव्या दराचे कोटेशन द्यायचे असेल, तर १६ रुपयांवरून नव्हे, तर तेच कास्टिंग आज पुन्हा ओतायला काय पडेल यावरून ते द्यावे लागते.