एकट्या ‘नॅण्ड’ची करामत

दुमजली घराच्या जिन्यात दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली आणि एक वर. खालच्याने लावलेला दिवा वर जाऊन बंद करता येतो. वायरमन याला ‘टू-वे’ म्हणतो. तर्कशास्त्राच्या नजरेने पाहिलं, तर इथे दोन विधानं आहेत: ‘खालचं बटण चालू आहे’ आणि ‘वरचं बटण चालू आहे’. दोन्हींपैकी नेमकं एकच खरं असेल तेव्हा दिवा लागतो. दोन्ही खरी किंवा दोन्ही खोटी असली की विझतो.

या नियमाला फक्त विधानांच्या खरे-खोटेपणाशी कर्तव्य आहे. बटण कोणी दाबलं, का दाबलं, याने काही बिघडत नाही. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे शब्दही असेच वागतात. ‘म्हणून’ मात्र तसा नाही. ‘पाऊस पडला म्हणून सामना रद्द झाला’ हे वाक्य घ्या. पाऊस पडला हे खरं आणि सामना रद्द झाला हेही खरं, एवढं कळूनही पूर्ण वाक्य खरं की खोटं हे ठरत नाही, कारण सामना दुसऱ्याच कारणाने रद्द झालेला असू शकतो. पुढे जे सांगायचं आहे ते पहिल्या प्रकारच्या, म्हणजे खरे-खोटेपणावरच चालणाऱ्या जोडशब्दांबद्दल आहे. त्यांना तर्कशास्त्रात संयोजक म्हणतात.

दोन विधानांच्या खरे-खोटेपणाच्या चार शक्यता असतात. प्रत्येक शक्यतेपुढे ‘खरं’ किंवा ‘खोटं’ लिहिलं की संयोजकाची सत्यता सारणी तयार होते. चार ओळी, प्रत्येकीत दोन पर्याय, म्हणजे अशा सारण्या 16 होतात. विधानं तीन झाली की ओळी 8 आणि सारण्या 256. इतक्या सगळ्यांसाठी वेगवेगळी चिन्हं लागतील की मोजक्या चिन्हांत भागेल?

‘नाही’, ‘आणि’, ‘किंवा’ या तिघांत भागतं. कोणतीही सारणी समोर ठेवावी आणि उत्तर ‘खरं’ असलेल्या ओळी तेवढ्या निवडाव्यात. जिन्यासाठी अशा दोन ओळी आहेत. खालच्या बटणाला क आणि वरच्याला ख म्हटलं, तर पहिली ओळ ‘क आणि ख नाही’, दुसरी ‘क नाही आणि ख’. त्या ‘किंवा’ने जोडल्या की दिव्याचा नियम तयार. विधानं तीन असोत वा तीस, कृती हीच. एकाही ओळीत ‘खरं’ नसेल, तर ‘क आणि क नाही’ असं कायम खोटं विधान लिहिलं की झालं. ज्या संयोजकांतून अशी हरेक सारणी लिहिता येते, त्यांचा संच ‘पूर्ण’ मानतात.

आता या तिघांचं काम एकट्याने करणारा संयोजक पाहू. त्याचं नाव नॅण्ड, चिन्ह ↑. क ↑ ख म्हणजे ‘दोन्ही खरी आहेत, असं नाही’. दोन्ही खरी असतील तेव्हाच उत्तर खोटं, उरलेल्या तिन्ही वेळा खरं.

नॅण्डच्या दोन्ही बाजूंना एकच विधान ठेवलं, की क ↑ क म्हणजे ‘क आणि क खरं आहे, असं नाही’. हा झाला ‘नाही’. ‘आणि’ मिळवायला नॅण्डचा नकार पुन्हा नाकारायचा: (क ↑ ख) ↑ (क ↑ ख). ‘किंवा’साठी आधी दोन्ही विधानं नाकारायची आणि मग नॅण्ड लावायचा: (क ↑ क) ↑ (ख ↑ ख). याचा अर्थ ‘दोन्ही खोटी आहेत, असं नाही’, म्हणजे निदान एक तरी खरं. तिघेही हाती आले आणि तिघांतून प्रत्येक सारणी मिळते, त्यामुळे एकट्या नॅण्डमधूनही ती मिळते. ‘जर क तर ख’ तर फारच थोडक्यात होतं: क ↑ (ख ↑ ख).

हे कागदावरच राहिलेलं नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 7400 या क्रमांकाची, चौदा पायांची छोटी काळी चिप मिळते. तिच्यात नॅण्ड गेट असतात, बरोबर चार. जिन्याचा नियम या चारांत बसतो. क आणि ख अनुक्रमे 1 आणि 2 क्रमांकाच्या पायांना द्यायचे; 3 वर त्यांचा नॅण्ड मिळतो. हा निकाल एकीकडे क बरोबर दुसऱ्या गेटला (पाय 4 आणि 5) आणि दुसरीकडे ख बरोबर तिसऱ्याला (पाय 9 आणि 10) द्यायचा. त्यांचे निकाल 6 आणि 8 वर येतात; ते चौथ्या गेटच्या 12 आणि 13 ला जोडले की दिव्याचं उत्तर 11 वर. वीजपुरवठ्यासाठी पाय 14 आणि 7.

क चालू, ख बंद असताना पाहा. पाय 3 वर ‘खरं’ येतं. दुसऱ्या गेटला दोन्ही खरी मिळतात, म्हणून 6 वर ‘खोटं’. तिसऱ्याला एक खोटं मिळतं, म्हणून 8 वर ‘खरं’. चौथ्याला एक खरं, एक खोटं; 11 वर ‘खरं’ आणि दिवा लागतो. दोन्ही बटणं चालू केली की 3 वर ‘खोटं’ येतं, त्यामुळे 6 आणि 8 दोन्हींवर ‘खरं’ आणि 11 वर ‘खोटं’. ओळी निवडण्याच्या कृतीने गेलो असतो तर पाच गेट लागले असते. ती कृती उत्तराची हमी देते, आटोपशीरपणाची नाही.

नवशिके एका ठिकाणी हमखास फसतात. ‘आणि’मध्ये कंस कुठेही टाकले तरी चालतं, म्हणून ते नॅण्डही तसेच साखळीत जोडतात. क आणि ख खरी, ग खोटं घ्या. (क ↑ ख) ↑ ग खरं येतं, पण क ↑ (ख ↑ ग) खोटं. तेव्हा तीन विधानांचा नॅण्ड हवा असेल, तर आधी दोघांचा ‘आणि’ करून मगच तिसऱ्याशी नॅण्ड लावावा लागतो.

सोळांपैकी आणखी कोणाला हे जमतं? ‘आणि’-‘किंवा’ची जोडी इथेच अडते: सगळी विधानं खरी दिली, तर त्यांतून कितीही लांब सूत्र रचा, उत्तर खरंच येतं, ‘नाही’ कधीच निघत नाही. म्हणून एकट्या पुरणाऱ्या संयोजकाने दोन्ही खरी असताना खोटं उत्तर द्यायलाच हवं आणि त्याच न्यायाने दोन्ही खोटी असताना खरं. सारणीच्या दोन ओळी अशा ठरल्या, दोन उरल्या. उमेदवार राहिले चार. त्यांतले दोन म्हणजे निव्वळ ‘क नाही’ आणि ‘ख नाही’. ते दुसऱ्या विधानाकडे बघतच नाहीत, त्यामुळे ‘आणि’ त्यांच्यातून येणार कसा? राहिले नॅण्ड आणि त्याचं भावंड नॉर, म्हणजे ‘दोन्हींपैकी एकही खरं नाही’.

हेन्री शेफर या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाने 1913 साली एकाच संयोजकावर भागतं हे छापून दाखवलं, तेव्हा त्याचा भर नॉरवर होता. चार्ल्स पर्स याला ही गोष्ट 1880च्या सुमारासच उमगली होती, पण त्याचा तो लेख त्याच्या हयातीत छापला गेला नाही. पुढे अपोलो यानांवरचा संगणक रचताना एमआयटीच्या अभियंत्यांनी तर्काच्या कामासाठी एकाच जातीचा गेट निवडला, तीन तारा आत घेणारा नॉर. एकच जात असल्याने तपासणीही एकाच प्रकारच्या चिपची करावी लागत होती.