पाठीला भिंत लागली की कॅमेरा जातो कुठे?

तिसऱ्या पुरुषी गेममध्ये, म्हणजे ज्यात आपलं पात्र पाठमोरं दिसतं, अशा गेममध्ये कधीतरी हे पाहिलं असेल. पात्र एका खोलीच्या कोपऱ्यात जातं, आपण कॅमेरा फिरवतो, आणि अचानक भिंत नाहीशी होऊन बाहेरचं रिकामं आकाश दिसू लागतं. भिंत फुटलेली नसते, कॅमेराच तिच्या पलीकडे गेलेला असतो. गेममधली भिंत त्रिकोणांची बनलेली असते आणि बहुतेक त्रिकोण एकाच बाजूने रंगवले जातात. मागच्या बाजूचे त्रिकोण वेळ वाचवण्यासाठी काढलेच जात नाहीत. म्हणून चुकीच्या बाजूला गेलेल्या कॅमेऱ्याला कधी भिंत आरपार दिसते, तर कधी ती समोर आडवी येऊन पात्र झाकून टाकते.

निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये (१९९६) हा कॅमेरा ढगावर बसलेल्या लाकिटू नावाच्या पात्राच्या हातात दिला होता. आरशाच्या खोलीत तो मारिओमागे तरंगताना दिसतोही. कल्पना गोड होती. पण भिंतीत घुसायचं नाही, हे त्यालाही कुणीतरी शिकवावंच लागणार.

आजचा रूढ उपाय म्हणजे स्प्रिंग आर्म. पात्राच्या खांद्यापाशी एक अदृश्य सेल्फी स्टिक बांधलेली आहे आणि तिच्या टोकाला कॅमेरा आहे, असं समजा. संगणक दर वेळी खांद्यापासून कॅमेऱ्याच्या दिशेने एक सरळ किरण सोडतो. त्याला म्हणतात रेकास्ट. वाटेत भिंत लागली, तर काठी तिथवर आखडते. नावात स्प्रिंग असली तरी गोडो या मोफत इंजिनातल्या `SpringArm3D`मध्ये उसळी वगैरे काही नसते. त्यापेक्षा मागेपुढे होणारी फूटपट्टी म्हणा.

किरण पात्राकडून कॅमेऱ्याकडेच सोडायचा, उलट नाही. कॅमेऱ्याकडून सोडला आणि कॅमेरा आधीच शेजारच्या घरात असला, तर पहिली धडक त्या घराच्या भिंतीला बसेल. आपल्याला मात्र पात्राच्या पाठीमागची पहिली भिंत हवी असते.

एवढं केल्यावर काम झालं असं वाटतं, आणि मग पात्र भिंतीला घासून चालू लागतं. पडद्याच्या कडेला पुन्हा फट दिसते, कारण किरणाला जाडी नसते. कॅमेऱ्याला मात्र असते: त्याच्यासमोर थोड्या अंतरावर एक चौकट असते आणि तिच्या अलीकडचं काहीच दिसत नाही. गोडोमध्ये हे अंतर मुळात ०.०५ मीटर आहे. दृष्टिकोन ७५ अंश आणि पडदा १६:९ असेल, तर चौकटीचा कोपरा कॅमेऱ्यापासून सुमारे ९ सेंटिमीटरवर येतो आणि चौकट मध्यापासून प्रत्येक बाजूला जवळपास ७ सेंटिमीटर पसरते. भिंतीला समांतर किरण तिच्यापासून ३ सेंटिमीटरवरून निसटला, तर त्याला धडक लागत नाही, पण चौकटीची कड भिंतीत शिरलेली असते.

म्हणून किरणाऐवजी चेंडू सरकवायचा. समजा काठी ४ मीटरची आहे, चेंडूची त्रिज्या ०.२ मीटर आणि भिंत खांद्यामागे १.२ मीटरवर. काठी सरळ मागे असेल तर कॅमेरा १ मीटरवर थांबतो, ३० अंश वर उचललेली असेल तर सुमारे १.१५ मीटरवर. एक पथ्य पाळावं लागतं: चेंडू पात्राच्या धडकेच्या आकारापेक्षा बारीक हवा. जाड झाला, तर भिंतीला टेकलेल्या पात्राच्या खांद्यापाशीच तो भिंतीत असतो आणि काठी शून्यावर येते. कॅमेरा कायमच डोक्यात अडकून बसला असेल, तर आधी वेगळाच संशय घ्यावा: काठी खुद्द पात्रालाच धडकते आहे. त्याला वगळणारी ओळ पात्राच्या स्क्रिप्टमध्ये एकदाच लिहायची असते:

```gdscript
$SpringArm3D.add_excluded_object(get_rid())
```

आता उरतो तो झटका. पात्र खांबामागून गेलं की काठी क्षणात आखडते आणि पुढच्याच क्षणी पूर्ण लांब होते. काही मिनिटांत बघणाऱ्याला मळमळतं. इथे जाणं आणि येणं सारखं ठेवू नये. आखडणं तत्काळच हवं, कारण हळू आखडलं तर तेवढा वेळ कॅमेरा भिंतीत राहील. मागे जाणं मात्र सावकाश. यासाठी कॅमेरा काठीच्या आत न ठेवता शेजारी ठेवतात आणि त्याचं अंतर स्वतः मोजतात:

```gdscript
var hit = arm.get_hit_length()
if hit < dist:
    dist = hit
else:
    dist = move_toward(dist, hit, 3.0 * delta)
camera.position.z = dist
```

सेकंदाला ३ मीटर या वेगाने आपला कॅमेरा १ मीटरवरून ४ मीटरवर यायला एक सेकंद घेतो. कॅमेरा बाहेर काढल्यावर काठीला चेंडूचा आकार स्वतः द्यायला विसरू नये. कॅमेरा थेट आत असेल तरच गोडो त्याच्या चौकटीवरून आकार आपोआप ठरवतो.

झुडपं, बारीक गज, कंदील यांना मी काठीच्या धडकेच्या यादीतून सरळ काढून टाकतो. गवताच्या प्रत्येक पात्यावर कॅमेरा दचकण्यापेक्षा पानं क्षणभर आडवी आलेली चालतात. अगदी अरुंद बोळात मात्र काठी अर्ध्या मीटरच्या आत येते आणि पडदाभर पात्राचं डोकंच दिसतं. तिथे काठीकडे उपाय नसतो, पात्रच अदृश्य करावं लागतं.