मोजलेला माल पुन्हा कोण मोजणार?

समजा, एका औषध कंपनीची राज्यभर चाळीस गोदामं आहेत आणि तिच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी वर्षभरात त्यांतल्या तीस गोदामांतला साठा मोजला आहे. मार्चअखेर आलेल्या वैधानिक लेखापरीक्षकाने ती मोजणी मान्य करावी का?

भारतात याचं उत्तर एसए ६१० या मानकात आहे. पहिली तपासणी कागदांची नव्हे, माणसांची. अंतर्गत विभागाचा प्रमुख अहवाल कोणाला देतो? लेखापरीक्षण समितीला देत असेल तर ठीक. पण ज्याचे हिशेब तपासायचे, त्या वित्तप्रमुखाच्याच हाती त्याची पगारवाढ असेल, तर निःपक्षपातीपणाबद्दल शंका येणारच. मग पाहायचं ते कौशल्य आणि कामाची शिस्त: लेखी योजना, नोंदी, वरिष्ठांची तपासणी. यातलं एकही नसेल तर ते काम वापरायचंच नाही.

सगळं जमलं तरी विश्वास सरसकट नसतो. खोकी मोजण्यात मतभेदाला फारशी जागा नसते, म्हणून ती मोजणी बरीचशी वापरता येते. मुदत संपत आलेल्या औषधांची किंमत किती घटवायची, हा मात्र अंदाजाचा आणि जोखमीचा प्रश्न. तो बाहेरच्याने स्वतःच सोडवायचा. मोजणीतलीही काही गोदामं तो स्वतः पुन्हा मोजतो. आकडे जुळले नाहीत, किंवा तीसही गोदामांच्या नोंदी संशयास्पदरीत्या एकाच साच्यातल्या दिसल्या, तर त्याला स्वतःचं काम वाढवावं लागतं. अहवालावर सही त्याचीच असते, आणि त्यात अंतर्गत विभागाकडे बोट दाखवून जबाबदारी कमी होत नाही.