नाव बदलून वाचून पाहा

वाढदिवसाचं प्रेमपत्र लिहून झालं की एकदा त्यातलं नाव बदलून वाचून पाहावं. बायकोसाठी लिहिलं असेल तर तिच्या जागी ओळखीतल्या दुसऱ्या कुणा बाईचं नाव मनात धरावं आणि एकेक ओळ वाचत पुढे जावं. जी ओळ त्या दुसऱ्या बाईलाही चालून जाते, ती अजून लिहायची राहिली आहे. ‘तुझ्यामुळे माझ्या आयुष्याला अर्थ आला’, ‘तुझं हसू पाहिलं की दिवसभराचा शीण जातो’ ही वाक्यं खोटी नसतात. लिहिणाऱ्याला मनापासून तसं वाटत असतं. पण ती वाचताना तिला स्वतःचा चेहरा दिसत नाही.

चंद्र, मोगरा, पहिला पाऊस यांचीही तीच अडचण. इतक्या जणांनी इतक्या जणींसाठी ते वापरले आहेत, की आपल्या पत्रात ते येतात तेव्हा दुसऱ्यांचं प्रेम सोबत घेऊनच येतात. ‘सुंदर’, ‘प्रेमळ’, ‘समजूतदार’ ही विशेषणं म्हणजे आपण काढलेले निष्कर्ष. ते ज्यावरून काढले, ते पाहिलेलं पत्रात यायला हवं.

समजा, सांगलीतला एक नवरा बायकोच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसासाठी पत्र लिहायला बसला आहे. पहिलं वाक्य उमटतं, ‘तू फार धीराची आहेस.’ इथे त्यानं थांबून स्वतःला विचारावं, हा धीर मला दिसला कधी? उत्तर येतं, तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा. हे अजूनही ढोबळच आहे, सगळ्या नातेवाइकांना ठाऊक असलेलं. मग पुढचा प्रश्न, त्या दिवसांतला नेमका कुठला क्षण? हळूहळू आठवायला लागतं. वडील विश्रामबागला एकटे राहतात, डोळ्यांत दिवसातून चार वेळा औषध घालायचं, दर वेळी रिक्षा परवडणार नाही, म्हणून ती स्कूटर शिकली. भल्या पहाटे मैदानावर सराव केला. पहिल्यांदा एकटी गेली, त्या दिवशी परत आल्यावर ती काय म्हणाली? हा तिसरा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा आहे, कारण माणसाचं बोलणं दुसऱ्या कुणाचं होऊ शकत नाही. त्याला ते वाक्य आठवतं, आणि पत्रात हा मजकूर येतो:

‘मार्चमध्ये तू पहिल्यांदा एकटी स्कूटर घेऊन अण्णांकडे गेलीस. तू वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी गॅलरीत उभा होतो, तुला सांगितलं नाही. परत आलीस, चहाचं आधण ठेवलंस आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणालीस, “सिग्नलला मी सगळ्यांत पुढे होते.” तेव्हापासून कुठल्याही सिग्नलला थांबलो की सगळ्यांत पुढे कोण आहे, ते मी बघतो.’

यात ‘धीर’ हा शब्द कुठेच नाही, तरी तो तिला पोचतो. तिनं केलेली एक गोष्ट आहे, तिच्या तोंडचं एक वाक्य आहे, आणि त्यामुळे त्याच्यात झालेला एक छोटासा बदल आहे. हा शेवटचा भाग गाळला तर उरेल ती नुसती हकिगत. तिच्यामुळे आपलं बघणं कुठे बदललं, हे सांगितलं की हकिगतीचं प्रेमपत्र होतं.

लग्नाच्या वाढदिवसाचं पत्र दोघांचं असतं, त्यात पहिली भेट, पहिलं घर हे सगळं शोभतं. वाढदिवस मात्र त्या एका व्यक्तीचा, आणि त्याला एक सोयीची चौकट आपसूक मिळते: मागच्या वाढदिवसापासून या वाढदिवसापर्यंतचं वर्ष. त्या वर्षात ती काय शिकली, कशावर चिडली, कुठली सवय सुटली, कुठली नवी लागली? आठ-दहा दिवस आधीपासून फोनमधले वर्षभराचे फोटो आणि तिचे मेसेज महिन्यामागून महिना चाळावेत. जे आठवेल ते चार शब्दांत टिपून ठेवावं. दहा-बारा टिपणं जमली की त्यातली दोनच निवडावीत, फार तर तीन. सगळीच घातली तर यादी होते, आणि यादीतल्या कुठल्याच गोष्टीपाशी वाचणारीला थांबता येत नाही.

आपल्याकडे नवऱ्यांच्या पत्रांत एक चूक वारंवार होते, आणि ती सद्‌भावनेतूनच होते. ‘तू माझ्यासाठी, मुलांसाठी, आईबाबांसाठी किती करतेस’ असं पत्र सुरू होतं आणि पानभर आभारच चालतात. अशा पत्राचं निरोपसमारंभातलं मानपत्र होतं. इतरांना तिचा जेवढा उपयोग, तेवढीच ती त्यात उरते. म्हणून टिपणांमध्ये एक तरी क्षण असा शोधावा, की ती कुणासाठी काहीच करत नव्हती. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचून मग पहिल्या पानाकडे वळणारी, पाऊस सुरू झाला की समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाचे कपडे वाळत आहेत ते बघत उभी राहणारी. असा क्षण सापडला की पत्रात ती बायको किंवा आई म्हणून येत नाही, ती म्हणून येते.

खूप गाजलेलं एक पत्र इथे आठवतं. अमेरिकन गायक जॉनी कॅशनं २३ जून १९९४ रोजी डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातून ते पत्नी जून कार्टरला तिच्या पासष्टाव्या वाढदिवशी लिहिलं. जन्मभर गाणी लिहिलेला हा माणूस, पण पत्रातली वाक्यं साधी आणि छोटी आहेत. आपण म्हातारे होतो, एकमेकांच्या सवयीचे होतो, न विचारता दुसऱ्याला काय हवं ते कळतं, कधी थोडी चिडचिडही होते, आणि कधी कधी एकमेकांना गृहीत धरतो, असं तो कबूल करतो. मग येते ती तिची थोरवी. बारकाईनं पाहिलं तर त्यात स्कूटरसारखा एकही प्रसंग नाही. त्याचं खरेपण त्या कबुलीत आहे. १९६८ मध्ये झालेल्या लग्नाची २६ वर्षं तिच्या पाठीशी आहेत. लग्नाला दोन वर्षं झालेल्यानं तीच वाक्यं उतरवून काढली तर ती खोटी ठरतील. त्या पत्राची नक्कल करू नये असं मला वाटतं, ते त्यामुळेच.

कबुली देताना तिचं वजन, आजारपण किंवा तिनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट मात्र काढू नये, गमतीतसुद्धा. पत्र जपून ठेवलं जातं आणि पुढे मुलांच्याही हाती पडतं.

भाषा घरातलीच ठेवावी. जी बायको दिवसभर ‘अहो’ म्हणते, तिनं पत्रात एकदम ‘प्रिय’ लिहून नवऱ्याला ‘तू’ म्हटलं तर त्याला ते परक्या बाईचं वाटेल. ‘अहो’नंच सुरू केलेलं पत्र त्याला तिच्या आवाजात ऐकू येईल. पत्र मोठ्यानं वाचून पाहावं. जे वाक्य तोंडानं म्हणताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, ते बहुधा कुठून तरी उचललेलं असतं.

हातानं लिहिलेला एक कागद, दोन्ही बाजूंनी, एवढं पुरे. शेवटी ‘शतायुषी हो’ म्हणण्यापेक्षा येत्या वर्षातली एखादी नेमकी गोष्ट मागावी. सांगलीच्या त्या नवऱ्याला लिहिता येईल, ‘पुढच्या रविवारी मला मागे बसवून हरिपूरला ने. रस्ता मी सांगणार नाही.’ आणि पत्र केक कापताना सगळ्यांसमोर देऊ नये. सकाळी, घर उठायच्या आधी, तिच्या एकटीच्या हाती द्यावं.