खून बोलतो की घर?

गेल्या वर्षी पुसदच्या आमच्या शाळेत पालकसभा संपली आणि एक बाई आपल्या सासूबाईंना घेऊन माझ्यासमोर बसल्या. नववीतला मुलगा त्यांच्या मरहूम बहिणीचा. तो दहा महिन्यांचा असताना त्यांनी त्याला घरी आणले आणि स्वतःच्या दोन मुलांबरोबर वाढवले. ती दोघे अभ्यासात पुढे, हा गणितात दोनदा नापास. गणिताची ट्यूशन लावावी का, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी उत्तर देण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "सर, खून आखिर खून होता है. त्याचे अब्बू तरी कुठे शिकले?"

एका मुलाकडे बघून खून आणि घर यांचा हिशेब कुणालाच वेगळा करता येत नाही. ज्या अम्मी-अब्बूंकडून मुलाला जनुके मिळतात, त्यांच्याच घरात तो खातो, बोलायला शिकतो, रागावून घेतो. दोन्ही गोष्टी एकाच दारातून येतात. त्या वेगळ्या करायच्या तर अशी मुले शोधावी लागतात, ज्यांच्यात निसर्गाने किंवा नशिबाने ही गाठ आधीच सोडवलेली आहे. अशी मुले दोन प्रकारची: जुळी आणि दत्तक.

जुळ्यांतही दोन प्रकार असतात. एकबीज जुळी एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मतात, त्यांची जनुके जवळजवळ शंभर टक्के सारखी. द्विबीज जुळी दोन वेगळ्या बीजांची. ती एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडेच, त्यामुळे त्यांच्यातल्या वेगळेपणाला कारण होणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी सारखी. दोन्ही प्रकारच्या जोड्या मात्र एका घरात, एका वयात, एकाच ताटावर वाढतात. म्हणून एकबीज जोड्या द्विबीज जोड्यांपेक्षा जास्त सारख्या निघाल्या, तर तो जास्तीचा सारखेपणा जनुकांच्या उरलेल्या निम्म्या भागाचा धरतात.

उंचीचे उदाहरण घेऊ. जोडीतला सारखेपणा मोजायला सहसंबंध वापरतात: ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध. सुस्थितीतल्या देशांत मोठ्या वयाच्या एकबीज जुळ्यांत उंचीचा सहसंबंध साधारण ०.९ येतो, द्विबीज जुळ्यांत साधारण ०.५. फरक ०.४. हा जनुकांच्या निम्म्या भागाचा, म्हणून दुप्पट करायचा: ०.८. म्हणजे त्या लोकांतल्या उंचीच्या फरकांपैकी सुमारे ८० टक्के जनुकांच्या फरकाशी जोडलेले आहेत.

इथे एक शंका रास्त आहे. एकबीज जुळ्यांना घरचे एकसारखे कपडे घालतात, एकाच्या नावाने दुसऱ्याला हाक मारतात. मग त्यांचा सारखेपणा वागणुकीमुळेही आला असेल. हे तपासायला संशोधकांनी अशा जोड्या पाहिल्या, ज्यांच्याबद्दल घरच्यांचाच गैरसमज होता. द्विबीज असून सगळे एकबीज समजत होते, किंवा उलट. बहुतेक वेळा सारखेपणा खऱ्या प्रकाराप्रमाणे निघाला, समजुतीप्रमाणे नाही. शंका पूर्ण मिटली असे नाही, पण कमी झाली.

त्या ८० टक्क्यांचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे, कारण शिकलेली माणसेही इथेच चुकतात. आपल्या यवतमाळच्या कपाशीकडे पाहा. संकरित बियाण्याच्या एका पिशवीतली झाडे जवळजवळ एकसारख्या बीजाची. अर्धी पिशवी काळ्या जमिनीत टोबली आणि अर्धी बरड रानात, तर दोन शेतांतला फरक सगळा जमिनीचा. उलट, पाच जातींचे बी एकाच काळ्या शेतात, एकाच पाण्यावर लावले, तर झाडाझाडांतला बराचसा फरक बियाण्याचा. पीक तेच, पण 'बियाण्याचा वाटा किती' याचे उत्तर दोन शेतकरी वेगवेगळे देतील आणि दोघेही खरे बोलतील. टक्केवारी त्या शेताची असते, झाडाची नव्हे. एका मुलाच्या उंचीतला ८० टक्के भाग खूनचा, असे त्यातून निघत नाही.

आता दत्तक मुलांकडे येऊ. आपल्याकडे यतीम पोर कितीही मायेने वाढवले तरी त्याची वल्दियत जन्मदात्याचीच राहते. संशोधकालाही नेमके हेच हवे असते: जन्माचे घर कोणते आणि वाढीचे घर कोणते, या दोन्हींची नोंद. फ्रान्समधल्या क्रिस्तियान काप्रों आणि मिशेल द्युइम यांनी दत्तकाच्या जुन्या नोंदी चाळून १९८९ मध्ये असा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुले सुशिक्षित, सुखवस्तू आईबापांची, तर काही गरीब मजुरांची. दोन्हींतली काही सुखवस्तू घरांत दत्तक गेलेली, काही गरीब घरांत. असे चार गट झाले. त्यात सुखवस्तू घरी जन्मून गरीब घरी गेलेली मुले शोधणे सर्वांत कठीण. तशी फक्त ८ मिळाली, बाकी गटांत दहा-दहा.

मुले किशोरवयात आल्यावर त्यांचा बुद्ध्यांक मोजला. गरिबाच्या पोटी जन्मून गरीब घरी वाढलेल्यांची सरासरी सुमारे ९२, तशीच मुले सुखवस्तू घरी वाढली तर १०४. सुखवस्तू पोटी जन्मून गरीब घरी वाढलेल्यांची १०८ आणि सुखवस्तू घरीच गेलेल्यांची १२०. वाढीचे घर बदलले की दोन्हीकडे साधारण १२ गुणांचा फरक. जन्माचे घर बदलले की साधारण १६ गुणांचा. म्हणजे खूनही बोलतो आणि घरही, आणि घराचा वाटा मजुराच्या मुलालाही तेवढाच मिळाला. फक्त ३८ मुलांचा अभ्यास आहे, हे विसरू नये.

पण 'जन्माचे घर' म्हणजे निव्वळ जनुके का? मुलगा नऊ महिने आईच्या पोटात होता, नंतरचे काही महिनेही कुठेतरी गेले. त्या काळातले खाणेपिणे आणि आजारपणही 'जन्माच्या' खात्यात जमा होते. हे समजायला आपल्याच देशातून गेलेल्या मुली उपयोगी पडतात. उप्साला इथल्या प्रूस आणि सहकाऱ्यांनी भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ मध्ये छापला. अनेक मुली पोहोचल्या तेव्हा खुरटलेल्या होत्या. चांगल्या खाण्याने त्या झपाट्याने वाढल्या, पण त्यांची मासिक पाळी सरासरी ११.६ वर्षांनाच सुरू झाली. स्वीडिश मुलींची तेराच्या आसपास होते, आणि भारतातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलींचीही या मुलींपेक्षा उशिरा. आधी जास्त खुरटलेल्या आणि नंतर भराभर वाढलेल्या मुलींची तर आणखी लवकर. पाळी आली की उंची लवकरच थांबते, म्हणून त्या शेवटी ठेंगण्याच राहिल्या, सरासरी सुमारे १५४ सेंटीमीटर. त्यांची उंची पाहून कुणीही म्हटले असते, भारतीय खून. पण त्यात उपाशी सुरुवातीचाही हात होता.

हे सगळे मी त्या दिवशी सांगितले नाही, पालकसभेत तेवढा वेळ कुठे असतो? मी फक्त मुलाच्या जन्माच्या वेळचे वजन विचारले. बाईंनी दवाखान्याचे कार्ड अजून जपून ठेवले होते, दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या. १ किलो ९०० ग्रॅम. बहीण गरोदरपणभर आजारी होती आणि पहिल्या दहा महिन्यांत मुलाला दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले होते.

सासूबाईही बरोबर होत्या. चष्मा लावून त्यांनी कार्ड बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, "सर, ट्यूशनचे महिन्याला किती घेतात?"