पायरीमागे एक माणूस

रविवारी रात्री मल्टिप्लेक्समधला सिनेमा संपतो. आपल्याकडे श्रेयनामावली बघायला कुणी थांबत नाही. दिवे लागायच्या आत अर्धं थिएटर उभं असतं. चौथ्या मजल्यावरून ही सगळी माणसं एकाच दिशेला निघतात, आणि दिवसभर रिकाम्या पायऱ्या फिरवत बसलेल्या सरकत्या जिन्याची खरी परीक्षा त्या पाच मिनिटांत होते. मॉलमध्ये जिना किती रुंद घ्यायचा, किती घ्यायचे, हे ठरवणारा जाणकार म्हणूनच दिवसभरात किती लोक येतात ते विचारत नाही. सगळ्यात वाईट पाच मिनिटांत किती येतात, ते विचारतो.

जिन्याच्या माहितीपत्रकात तासाला नऊ हजार असा आकडा कधीकधी सापडतो. तो गणितानं बरोबर आहे. पायरीची खोली साधारण ४० सेंटिमीटर, वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे मिनिटाला ७५ पायऱ्या समोरून जातात. एक मीटर रुंद पायरीवर दोन माणसं धरली की मिनिटाला दीडशे, तासाला नऊ हजार. पण अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून, पुढच्याच्या पाठीला छाती चिकटवून प्रत्येक पायरी भरणारे लोक मॉलमध्ये येत नाहीत. कुणाच्या हातात पिशव्या, कुणाचं मूल कडेवर, कुणी साडीच्या निऱ्या सावरत पहिल्या पायरीशी क्षणभर अडखळतं. ईएन ११५ हे युरोपीय मानक याच जिन्याला तासाला सहा हजार देतं, तेही कमाल म्हणून. रचनेसाठी सल्लागार बहुधा आणखी खाली उतरतात आणि गणिती आकड्याचा निम्मा धरतात: मिनिटाला ७५. म्हणजे सरासरी पायरीमागे एक माणूस.

आता एक हिशोब करू. समजा, दोन पडद्यांचे खेळ एकाच वेळी सुटले आणि पाचशे प्रेक्षक बाहेर पडले. पन्नास जणांनी लिफ्ट धरली. उरलेले ४५० पाच मिनिटांत जिन्याशी आले, म्हणजे मिनिटाला ९०. जिना ७५ नेतो. दर मिनिटाला पंधरा मागे राहतात, पाच मिनिटांनी ७५ जण रांगेत, आणि पुढच्या एका मिनिटात रांग संपते. इतकं थांबायला कुणाची हरकत नसते. उभं राहायला माणशी अर्धा चौरस मीटर धरला तर सुमारे ३८ चौरस मीटर, म्हणजे सहा बाय सहाची मोकळी जागा लागते. तिथे पॉपकॉर्नचा ठेला नसला की झालं.

मग कुणीतरी खर्च वाचवायला म्हणतं, एक मीटरऐवजी ८० सेंटिमीटरची पायरी घेऊ, वीसच सेंटिमीटर तर कमी होतात. त्या जिन्याची क्षमता मिनिटाला ५६. आता दर मिनिटाला ३४ जण मागे राहतात. पाच मिनिटांनी १७० जणांची रांग, ती ओसरायला तीन मिनिटं, आणि जागा ८५ चौरस मीटर. रुंदी पाचव्या हिश्श्यानं घटली आणि रांग दुपटीहून जास्त वाढली. येणारे आणि जाणारे यांच्यातल्या फरकावर रांग वाढते, म्हणून क्षमता काठावर असते तिथे थोडीशी काटकसर फार महाग पडते.

वेग वाढवला तर? अर्ध्या मीटरवरून पाऊण मीटरवर नेला की वेग दीडपट होतो, पण त्याच मानकातली कमाल क्षमता सहा हजारांवरून ८,२०० पर्यंतच जाते. पायऱ्या भराभर येऊ लागल्या की माणूस पाऊल टाकायला जास्त कचरतो आणि अधिक पायऱ्या रिकाम्या सुटतात. अडचण यंत्रात आहे की उंबऱ्यावर, हे ओळखायला उपकरण लागत नाही. वर रांग असताना खाली उभं राहून पायऱ्या मोजायच्या. रांग आहे आणि तरी एकाआड एक पायरी रिकामी येते, तर दोष चढण्याच्या जागेत आहे. तिथे एखादा खांब, जाहिरातीचा फलक किंवा आइस्क्रीमची गाडी लोकांना एका बाजूनं शिरायला लावत असते.

आतापर्यंतची रांग निरुपद्रवी होती, कारण ती थांबलेल्या फरशीवर उभी होती. धोका एक मजला खाली आहे. तिसऱ्या मजल्यावर फूड कोर्ट आहे आणि तिथून मिनिटाला वीस जण खाली निघालेत असं समजा. वरचा जिना मिनिटाला ७५ सोडतोय, म्हणजे पुढच्या तशाच जिन्याशी ९५ येतात आणि वीस उरतात. वरून उतरणारा प्रवाह सहा मिनिटं चालतो. शेवटी १२० जण तुंबतात. वरच्या रांगेतल्या माणसाला पाऊल मागे घेता येतं. सरकत्या पायरीवरच्या माणसाला ती सोय नसते. पुढे जागा असो वा नसो, जिना त्याला आणून टाकतोच.

तेच मानक जिन्याच्या तोंडाशी किमान अडीच मीटर खोल मोकळी जागा मागतं. एक मीटर पायरीच्या जिन्यासाठी ती रुंदीसह जेमतेम साडेतीन चौरस मीटर होते, म्हणजे आपल्या मापानं सात माणसं. समोरची वाट पूर्ण अडली, तर मिनिटाला ७५ च्या गतीनं ही सात माणसं सहा सेकंदांच्या आत भरतात. आठवा माणूस सातव्याच्या अंगावर येतो. म्हणून लागोपाठच्या जिन्यांत खालच्याची क्षमता वरच्यापेक्षा जास्त हवी, किंवा दोन जिन्यांमध्ये लांब अंतर हवं. मॉलमध्ये एक जिना उतरल्यावर वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायला लावतात. दुकानांवरून लोक जावेत म्हणून केलेली ही चलाखी. त्या दहाबारा मीटरमध्ये रांगेला जागाही मिळते. मग सणासुदीला मालक तिथेच स्टॉल लावतो.

तळघरातल्या सुपरमार्केटमधून ट्रॉलीसह वर यायचं असेल, तर जिन्याऐवजी तिरकी सरकती वाट लागते. तिचा उतार १२ अंशांपुढे नेत नाहीत. त्यामुळे साडेपाच मीटर चढायला जिन्याची तिरपी लांबी ११ मीटर, तर या वाटेची साडेसव्वीस. बावीस सेकंदांचं काम त्रेपन्न सेकंदांवर जातं आणि दुकानाची बरीच जागा खातं. ट्रॉल्या असल्या की तिची क्षमता सुमारे ८० टक्क्यांनी घटते, सहा हजारांची बाराशे, म्हणजे मिनिटाला वीस. मीटरहून रुंद घेतली तरी माणसं वाढत नाहीत, ट्रॉली नीट बसते एवढंच. पण बिलाच्या वीस खिडक्या असतील आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन मिनिटं लागत असतील, तर खालून मिनिटाला दहाच ट्रॉल्या निघतात. एक वाट पुरते.

थिएटरच्या बाबतीतही स्वस्त उपाय जिन्याबाहेरच आहे. दोन खेळ पंधरा मिनिटांच्या अंतरानं सोडले, की मिनिटाला पंचेचाळीसच जण येतात आणि वर रांगच लागत नाही. खाली फूड कोर्टचे वीस मिळवले तरी पासष्ट होतात. मोठा सिनेमा लागला की हे अंतर पाळलं जात नाही. तेव्हा चौथ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी सुरक्षारक्षक दोरी धरून उभा राहतो, वीसेक सेकंद कुणाला सोडत नाही, आणि त्याच्या कानाला लावलेल्या वॉकीटॉकीवर खालच्या मजल्यावरचा माणूस सांगत असतो, ‘अजून नको.’