गुण घसरले, पण का?

समजा, पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला एका खासगी ट्रस्टची शिष्यवृत्ती आहे. नूतनीकरणाची अट ७ एसजीपीए. तिसऱ्या सत्रात ७.८ होते, चौथ्यात ६.१ झाले. मार्चमध्ये वडिलांची बायपास झाली आणि ती पाच आठवडे गावीच होती.

तिने ईमेलचा पहिला मसुदा लिहिला तो सगळा दुःखाचा. कार्यालयाला मात्र तारखा जुळवून पाहायच्या असतात. म्हणून दुसऱ्या मसुद्यात विषयाच्या ओळीतच नाव, अर्ज क्रमांक आणि ‘नूतनीकरणाची विनंती’ आले. खाली तिने लिहिले: ‘१० मार्च ते १४ एप्रिल मी वडिलांजवळ होते. याच काळात अंतर्गत परीक्षा बुडाली. आता भाऊ घरी असतो, मी वसतिगृहात परतले आहे.’

हे शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे, कारण घसरण पुन्हा होणार नाही, हे त्यातूनच कळते. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि दोन्ही गुणपत्रिका जोडल्या. मागणीही नेमकी होती: नूतनीकरण करावे, ते शक्य नसल्यास एका सत्रापुरती सवलत द्यावी.

सरकारी योजनांत एवढी मोकळीक क्वचितच असते. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. त्यामुळे आधी नियमावली वाचावी, आणि ईमेल मुदतीपूर्वीच पाठवावा.